सगळ्यांत शेवटी काय वाळतं?

जुलैच्या मध्यावर मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीतल्या कुठल्याही घरात रात्री पंख्याखाली वाळत घातलेले आतले कपडे सकाळी हाताने चाचपून पाहावेत. बनियन बहुधा कोरडं झालेलं असतं. चड्डीचं मांडीवरचं कापड कोरडं असतं, पण कमरेचं इलॅस्टिक दमट लागतं आणि दोन मांड्यांच्या मधला, जिथे कापडाचे दोन थर आणि चार शिवणी एकत्र येतात तो भाग तर गार, ओलसरच असतो. मोज्यांचा घोट्यावरचा भाग वाळलेला, टाच आणि चवडा ओला. ब्राच्या पट्ट्या कोरड्या, फोमचे कप जड. दमट हवेसाठी आतले कपडे निवडताना मी आता हाच एक प्रश्न आधी विचारते: या कपड्यातला सगळ्यांत उशिरा वाळणारा भाग कोणता, आणि तो शरीराच्या कुठल्या भागाला टेकणार आहे? कापूस की मोडाल, स्वस्त की महाग, हे प्रश्न त्यानंतरचे. कारण जो भाग दोरीवर उशिरा वाळतो तोच अंगावर घामाने भिजल्यावरही उशिरा वाळतो, आणि दुर्दैवाने तो नेमका जांघेत, स्तनांखाली नाहीतर बोटांच्या बेचक्यांत असतो.

उकाडा आणि दमटपणा यांची आपण सर्रास गल्लत करतो, म्हणून आधी हवेबद्दल. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४३ अंशांवर असतो आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास. मुंबईच्या जुलैत तापमान जेमतेम ३० अंश, पण आर्द्रता ८५ टक्के. घाम उडून जाण्याचा वेग ठरतो तो त्वचेलगतच्या ओल्या हवेतला बाष्पाचा दाब आणि बाहेरच्या हवेतला दाब यांच्यातल्या फरकावर. हा फरक नागपुरात मुंबईच्या जवळजवळ दुप्पट असतो. म्हणजे नागपूरकराला घाम जास्त येत असला तरी तो उडून जातो, मुंबईकराचा अंगावरच राहतो. दोरीवरच्या कपड्याची स्थिती याहून वाईट. अंगावरच्या कपड्याला निदान शरीराची ऊब मिळते. दोरीवरच्या ओल्या कपड्याला वाळायला लागणारी उष्णता आजूबाजूच्या हवेतूनच घ्यावी लागते, आणि ती मिळते कपडा हवेपेक्षा जितका थंड होईल तितकी. नागपूरच्या त्या हवेत ओला कपडा हवेपेक्षा सुमारे २० अंश थंड होऊ शकतो, मुंबईच्या पावसाळी हवेत फक्त दोनेक अंश. त्यामुळे कोरड्या प्रदेशात तासाभरात वाळणारी सुती चड्डी कोकणात रात्रभर टांगूनही वाळत नाही. उन्हाळ्यासाठी सुती कपडा घ्या हा सल्ला विदर्भात पुरेसा आहे. किनारपट्टीवर तो अर्धाच आहे.

आता धागा. प्रत्येक धागा हवेतून काही ओल आपल्या आत ओढून घेतो. प्रमाणित हवेत कोरड्या कापसाच्या शंभर ग्रॅममागे सुमारे साडेआठ ग्रॅम पाणी असतं, मोडाल आणि व्हिस्कोसमध्ये अकरा-बारा ग्रॅम, लोकरीत सोळाच्या आसपास, नायलॉनमध्ये चार आणि पॉलिएस्टरमध्ये अर्धा ग्रॅमही नाही. दुकानदार सुती कपड्याला ‘घाम शोषणारा’ म्हणतो तो याच अर्थाने, आणि ते खरंही आहे. बसून काम करणाऱ्या माणसाला हलकासा घाम येतो तेव्हा कापूस ती वाफ त्वचा ओली वाटायच्या आत टिपून घेतो. म्हणून कमी घामात सुती कपडा इतका सुखावह वाटतो.

अडचण येते घाम थेंबांनी वाहू लागल्यावर. तेव्हा धाग्याच्या आतल्या ओलीपेक्षा धाग्यांच्या मधल्या जागेत साचणारं पाणी फार मोठं असतं, आणि ते किती साचेल हे मुख्यतः कापडाच्या जाडीवर ठरतं. हाताने पिळलेल्या सुती चड्डीत जवळजवळ तिच्या स्वतःच्या वजनाइतकं पाणी उरतं. ८० ग्रॅमची जाड चड्डी असेल तर ७०-८० ग्रॅम पाणी, तेवढं सगळं रात्रीतून उडून जायला हवं. तीच चड्डी पातळ कापडाची, ५० ग्रॅमची असेल तर पाणीही त्या प्रमाणात कमी. पातळ नायलॉन किंवा पॉलिएस्टर पिळलं की त्याहून पुष्कळ कमी उरतं. स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर हे कुणालाही घरी करून पाहता येईल: कोरडा कपडा तोलायचा, भिजवून घट्ट पिळून पुन्हा तोलायचा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे दोरीवरून उडायचं पाणी. जाहिरातीतल्या कुठल्याही विशेषणापेक्षा हा आकडा जास्त सांगतो.

म्हणून माझ्या मते किनारपट्टीवर धाग्याच्या नावापेक्षा कापडाचं वजन आधी पाहावं. होजियरीच्या धंद्यात ते जीएसएममध्ये, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन म्हणून मोजतात. चड्ड्यांचं विणलेलं कापड साधारण १४० ते २०० जीएसएमच्या दरम्यान असतं. पावसाळ्यासाठी १६० च्या आतलं बरं. पाकिटावर हा आकडा बहुधा नसतो, पण कपडा हातात घेऊन उजेडासमोर धरला तर अंदाज येतो. दोन बोटांवर ताणल्यावर कापडातून बोटांचा रंग किंचित दिसला पाहिजे, आणि ताण सोडताच ते पूर्वीच्या जागी परत आलं पाहिजे. नुसतं विरळ कापड पहिली चाचणी पार करतं, दुसरी नाही. बारीक, लांब तंतूंच्या सुताचं कापड दोन्ही पार करतं. पाकिटावरच्या ‘कोम्ब्ड कॉटन’चा अर्थ तोच: सूत कातण्याआधी कापूस विंचरून आखूड तंतू काढून टाकलेले असतात. त्यामुळे सूत बारीक काढता येतं, कापड पातळ असूनही टिकतं आणि त्यावर गोळे कमी येतात. या एका शब्दासाठी थोडे जास्त पैसे देणं योग्य आहे.

मोडालबद्दल सध्या फार बोललं जातं. तो बीच झाडाच्या लगद्यापासून केलेला धागा आहे. त्याचं मोठं नाव ऑस्ट्रियातल्या लेन्झिंग कंपनीचं. कापसापेक्षा तो मऊ असतो, कित्येक धुण्यांनंतरही मऊ राहतो, आणि ज्यांना शिवणींनी किंवा कापडाच्या घासण्याने लाल चट्टे येतात त्यांना त्याचा खरोखर फायदा होतो. पण तो कापसापेक्षा जास्त पाणी धरतो, आणि कापूस ओला झाला की बळकट होतो तसं याचं होत नाही, ओला असताना हा कमजोर पडतो. त्यामुळे मोडालची चड्डी दगडावर आपटून किंवा ब्रशने घासून धुऊ नये. वातानुकूलित ऑफिसात बसणाऱ्याला मोडाल छान. दिवसभर बाइकवर फिरणाऱ्याला आणि कपडे घरातच वाळवणाऱ्याला मी तो सुचवणार नाही.

‘बांबू’ म्हणून विकले जाणारे मोजे आणि चड्ड्या बहुतेक वेळा व्हिस्कोस असतात. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्यातून नवा धागा ओढलेला असतो, आणि मूळ झाडाचे जे जंतुनाशक गुण सांगितले जातात ते त्या प्रक्रियेत टिकत नाहीत. अमेरिकेत २०२२ साली फेडरल ट्रेड कमिशनने व्हिस्कोसला बांबू म्हणून विकल्याबद्दल वॉलमार्ट आणि कोल्स या दोन मोठ्या साखळ्यांवर मिळून ५५ लाख डॉलरच्या दंडाची कारवाई केली होती. असा मोजा वाईट नसतो, मऊच असतो. पण बांबू म्हणून जादा पैसे मागितले तर ते देऊ नयेत.

पॉलिएस्टर आणि नायलॉनला आपल्याकडे सरसकट नावं ठेवली जातात. ती जुन्या, जाड, गुळगुळीत कापडाच्या अनुभवातून आली आहेत. अतिशय बारीक तंतूंच्या पातळ विणीत घाम धाग्यात शिरत नाही, पण तंतूंमधल्या फटींतून पसरतो आणि मोठ्या पृष्ठभागावरून लवकर उडतो. जपानच्या दमट उन्हाळ्यासाठी युनिक्लो कंपनीने तोरे आणि आसाही कासेई या दोन धागा-कंपन्यांबरोबर जे एअरिझम कापड तयार केलं ते याच तत्त्वावर. पुरुषांच्या कपड्यांत मुख्यतः बारीक पॉलिएस्टर असतं, बायकांच्या कपड्यांत क्युप्रो आणि नायलॉनचा उपयोग केलेला असतो. असे कपडे रात्री धुतले तर जुलैतही सकाळी कोरडे मिळतात, हा त्यांचा खरा गुण.

त्यांचा खरा दोष वास हा आहे. पॉलिएस्टर पाण्याला दूर ठेवतं पण अंगाचं तेल धरून बसतं, आणि वास निर्माण करणाऱ्या काही जिवाणूंना ते मानवतं. बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली २६ जणांचे व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले तेव्हा पॉलिएस्टरच्या शर्टांना सुतीपेक्षा जास्त घाण वास येत होता आणि त्यांच्यावर मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू वाढलेले सापडले. म्हणून असा कपडा घामासकट बादलीत पडून राहू देऊ नये, अंघोळीबरोबरच धुऊन टाकावा. आणि त्याला कपडे मऊ करणारं कंडिशनर कधीही लावू नये. त्याचा थर तंतूंमधल्या फटी बुजवतो, मग घाम पसरतच नाही. सुती कपड्यांनाही कंडिशनर बाधतं. नव्या चड्डीवर पाण्याचा थेंब टाकून पाहा: तो मोत्यासारखा वर उभा राहिला तर कारखान्यातल्या मऊपणाच्या लेपामुळे कापड अजून पाणी घेत नाही. दोन-तीनदा धुतल्यावर थेंब टेकताच पसरला पाहिजे.

आता शिवण, कारण उशिरा वाळणारे भाग शिवणीतच तयार होतात. चड्डी दुकानात उलटी करून पाहायला लाजू नये. साध्या ओव्हरलॉक शिवणीत कापडाच्या दोन कडा एकत्र धरून त्यांच्यावरून दोरा गुंडाळलेला असतो. आत उभी कड राहते, तीच भिजते आणि तीच घासते. फ्लॅटलॉक शिवणीत दोन कडा एकमेकींवर सपाट बसवून वरखाली दोऱ्यांची जाळी घातलेली असते, बोट फिरवलं तर उंचवटा जेमतेम जाणवतो. मांडीच्या आतल्या बाजूला फ्लॅटलॉक असेल तर बाकीच्या शिवणींकडे मी फार पाहत नाही. लेबल शिवलेलं असण्यापेक्षा छापलेलं असलेलं चांगलं. शिवण दोन्ही हातांनी आडवी ताणून बघावी. टाक्यांच्या बाजूने बारीक भोकांची रांग उघडी पडली तर शिवताना सुईने विणीतले फासे तोडले आहेत. ती भोकं पाच-सहा धुण्यांत मोठी होतात.

कमरेचं इलॅस्टिक हा दुसरा दमट कोपरा. कापडात दुमडून शिवलेल्या इलॅस्टिकभोवती कापडाचे तीन थर होतात. उघडं, विणलेलं, मऊ पाठीचं इलॅस्टिक पट्ट्यासारखं थेट जोडलेलं असेल तर ते लवकर वाळतं, मात्र आतली बाजू खरखरीत असेल तर कमरेवर घामोळ्यांची रेघ उमटते. हाताच्या आतल्या त्वचेवर ते दहा वेळा घासून पाहावं. रुंदी तीन-साडेतीन सेंटिमीटर पुरे. फार रुंद पट्टा हा कपड्याच्या बाहेर डोकावणाऱ्या नावासाठी असतो. पुरुषांच्या चड्डीत पुढे दोन थर असणं नेहमीचं, पण काही कंपन्या तिथे तिसरा थर किंवा मोठी उघडी झडप घालतात. पावसाळ्यात ती नको.

बायकांच्या पँटीला मधल्या भागात जो वेगळा आतला तुकडा असतो तो सुती असलाच पाहिजे, बाहेरचं कापड नायलॉनचं असलं तरी. तो पुरेसा लांब हवा, म्हणजे त्याची आडवी शिवण नाजूक जागी न येता पुढे पोटाकडे येईल. लेसच्या कडांना शक्यतो फाटा द्यावा; लेस स्वतः लवकर वाळते, पण जांघेच्या घामट घडीत ती घासते. ब्रामध्ये प्रश्न फोमचा आहे. फोमच्या कपाला पाणी सोडायला कापडापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि बाहेरून कोरडा वाटला तरी आत ओल असते. दमट महिन्यांत रोजच्या वापरासाठी फोम नसलेली, कपाला आतून सुती अस्तर असलेली ब्रा घ्यावी, आणि स्तनांखालचा पट्टा पाठीवर आडवा, सरळ राहील इतपतच घट्ट असावा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. त्या घडीत लाल, चिरटलेली, जळजळणारी त्वचा दिसली तर ब्राची साइज आणि वाळण्याचा प्रश्न दोन्ही तपासावेत.

बनियनबद्दल थोडक्यात. शर्टाखाली आणखी एक थर घालून माणूस थंड होत नाही. बनियनचं काम शर्ट भिजू न देणं एवढंच, म्हणून ते सगळ्यांत पातळ हवं. रिबच्या विणीचं, बिनबाह्यांचं बनियन या कामाला उत्तम. चांगल्या बनियनला बाजूची शिवण नसतेच. ते त्या साइजच्या घेराच्या गोल यंत्रावर नळीसारखं विणलेलं असतं. तिरुप्पूरमध्ये अशी बनियनं पिढ्यान्‌पिढ्या विणली जात आहेत.

कपड्याच्या ढिलेपणाचं एक जुनं उत्तर आपल्याकडे आधीपासून आहे: आजोबांची पट्ट्यापट्ट्यांची, नाडीची, ताण्याबाण्याच्या सुती कापडाची चड्डी. ही विणलेल्या होजियरीपेक्षा पातळ, हवा आरपार जाणारी, इलॅस्टिकचा दमट पट्टा नाही, दोरीवर चटकन वाळते. घरात आणि रात्री झोपताना तिला तोड नाही. मात्र जोरात चालणाऱ्याच्या मांड्या एकमेकींना घासत असतील तर ढिली चड्डी वर सरकते आणि घामाने मऊ झालेली त्वचा त्वचेवर चोळवटते. अशांनी मांडी अर्धी झाकणारी, पायाकडे इलॅस्टिक न घातलेली पण कापडाच्याच ताणाने बसणारी ट्रंक घालावी.

मोज्यांचा हिशेब वेगळा, कारण मोजा बुटात कोंडलेला असतो. तळपायावर घर्मग्रंथी फार दाट असतात आणि बुटाच्या आतून बाष्पाला वाट मिळते ती थोडी चामड्यातून आणि बाकी घोट्यापाशी. त्यामुळे पूर्ण सुती मोजा हा बुटातला सगळ्यांत वाईट पर्याय ठरतो: तो भिजतो, ढिला होतो, सुरकुत्या पडतात, आणि ओल्या त्वचेवर घर्षण वाढून फोड येतात. दुकानात ‘कॉटन’ म्हणून मिळणाऱ्या चांगल्या मोज्यांत म्हणूनच सत्तर-ऐंशी टक्के कापूस, पंधरा-वीस टक्के नायलॉन आणि दोन-चार टक्के इलास्टेन असतं. नायलॉन टाच झिजू देत नाही, इलास्टेन मोजा पायाला चिकटून ठेवतं. पातळ मेरिनो लोकरीचा मोजा माझ्या मते दमट हवेत सर्वांत चांगला. लोकर म्हटलं की आपल्याला स्वेटर आठवतो, पण मेरिनोचा तंतू अतिशय बारीक असतो, पुष्कळ ओल आत घेऊनही पायाला ओला लागत नाही आणि त्याला वास फार उशिरा येतो. किंमत मात्र सुती मोज्याच्या कित्येक पट.

मोजा पाहताना तीन जागा पाहायच्या. बोटांवरची शिवण: मोजा उलटा करून चवड्यावर बोट फिरवावं. जाड दोरीसारखी कड लागली तर ती बंद बुटात करंगळीवर टोचणार. चांगल्या मोज्यात फासे एकेक जुळवून बंद केलेले असतात आणि कड जवळजवळ लागत नाही. तळ: आतून टॉवेलसारखे फासे काढलेला गुबगुबीत तळ खेळासाठी ठीक, पण ऑफिसच्या बुटात तो दिवसभर पाणी धरून ठेवतो आणि दोरीवर दोन दिवस घेतो. वरचा काठ: तो पायावर खोल खूण उमटवत असेल तर नको. बुटात पूर्ण लपणाऱ्या आखूड मोज्यांपेक्षा घोट्याच्या वर येणारा मोजा मी पसंत करते, कारण बुटाबाहेर आलेल्या कापडातून थोडी ओल वर चढून उडून जायला जागा मिळते.

हे सगळं एका माणसावर लावून पाहू. समजा, डोंबिवलीहून लोअर परळला जाणारा बँकेतला अधिकारी. सकाळी स्टेशनपर्यंत पंधरा मिनिटं चालणं, गर्दीच्या लोकलमध्ये तासभर उभं राहणं, मग आठ तास वातानुकूलित ऑफिस, चामड्याचे बूट, संध्याकाळी हाच प्रवास उलटा. घरी कपडे बंद बाल्कनीत वाळतात. याचा सकाळचा सगळा घाम सव्वा तासात येतो आणि नंतर तो गार ऑफिसात ओल्या कपड्यांत बसतो. त्याला पंच्याण्णव टक्के कोम्ब्ड कापूस आणि पाच टक्के इलास्टेनची पातळ ट्रंक चालेल, फ्लॅटलॉक शिवणीची, पुढे दोनच थरांची. बनियन पातळ रिबचं. पण मोज्यांची दुसरी जोडी पिशवीत हवीच. ऑफिसात पोचल्यावर पाय पुसून, बोटांच्या फटी कोरड्या करून ती घालायची आणि ओली जोडी छिद्रांच्या पिशवीत ठेवायची. बुटांचे दोन जोड आलटून पालटून, कारण भिजलेला बूट एका रात्रीत आतून वाळत नाही.

आणि संख्या? त्याच्या बाल्कनीत सुती ट्रंक वाळायला दीड दिवस लागतो असं धरलं, तर एक अंगावर, एक कालची अर्धी ओली, एक आज धुतलेली आणि एक उद्यासाठी तयार अशा किमान चार लागतात. पाऊस लागून राहिला तर पुरेशा पडाव्यात म्हणून सहा ते आठ घ्याव्यात. मोजे रोज दोन जोड्या, म्हणजे आठ ते दहा जोड्या. ज्यांना एवढा साठा परवडत नाही किंवा वसतिगृहात दोरीवर जागाच नाही, त्यांनी तीन पातळ नायलॉन-पॉलिएस्टरच्या चड्ड्या घेऊन रोज रात्री एक धुणं जास्त शहाणपणाचं. अर्धवट ओला कपडा घालून निघणं हेच सर्वांत हानिकारक. अगदीच वेळ आली तर सुती भागावर गरम इस्त्री फिरवावी, इलॅस्टिकला मात्र इस्त्री लावू नये. उष्णतेने इलास्टेनचे धागे तुटतात.

ओल्या कपड्याचं नुकसान काय, हे त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांबाहेरच्या रांगा सांगतात. जांघेतला नायटा गेल्या दशकात भारतात फार चिवट झाला आहे. त्याला कारणीभूत असलेल्या एका बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं वेगळं नावही मिळालं, आणि नेहमीच्या औषधांना ती अनेकदा दाद देत नाही. औषधाच्या दुकानातून स्वतःच आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमांनी तो दबतो, पसरतो आणि पुन्हा उसळतो. कडेला उठावदार, मध्ये फिका, खाजणारा वर्तुळाकार चट्टा दिसला तर मलम न लावता डॉक्टरांना दाखवावा. तोवर घरातले टॉवेल वेगळे ठेवावेत, सुती चड्ड्या साठ अंशांच्या गरम पाण्यात धुऊन उन्हात पूर्ण वाळवाव्यात. पायाचंही एक लक्षण ओळखून ठेवावं: तळव्याची त्वचा पांढरट, फुगलेली, त्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे, आणि मोजा काढताच तीव्र वास. हा बुरशीचा नसून जिवाणूंचा त्रास असतो. त्यावर औषध वेगळं, पण मोजे दिवसातून दोनदा बदलणं दोन्हींत लागतंच.

राहता राहिला कंपनीचा प्रश्न. भरवशाची कंपनी म्हणजे माझ्या दृष्टीने जिची आज घेतलेली वस्तू आणि दोन वर्षांनी घेतलेली तीच वस्तू सारखीच बसते. या कसोटीवर भारतात जॉकीचं नाव पुढे आहे. १८७६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या कूपर्स कंपनीचं हे नाव; १९३५ साली शिकागोच्या एका मोठ्या दुकानात त्यांची पहिली आखूड चड्डी विक्रीला आली. भारतात बेंगळुरूची पेज इंडस्ट्रीज ती परवान्याने बनवते, आणि संयुक्त अरब अमिरातींसाठीही तिच्याकडेच परवाना असल्यामुळे दुबईतल्या मराठी घरांनाही तोच माल मिळतो. त्यांच्या सुती ट्रंकची साइज आणि इलॅस्टिक सातत्याने सारखं असतं. मात्र सगळे प्रकार पातळ नसतात, तेव्हा कापड उजेडात धरूनच घ्यावं.

कोलकात्याच्या रूपा, लक्स आणि डॉलर यांची खरी ताकद पातळ रिबच्या बनियनात आणि किमतीत आहे. या कंपन्या एकाच नावाखाली अनेक दर्जांचे प्रकार विकतात, म्हणून कंपनीचं नाव पुरेसं नाही. पाकिटावरचं प्रकाराचं नाव, कापडाचे टक्के आणि सेंटिमीटरमधली साइज लिहून ठेवावी आणि पुढच्या वेळी नेमकं तेच मागावं. लवकर वाळणाऱ्या कपड्यांसाठी युनिक्लोचं एअरिझम आणि डेकॅथलॉनच्या धावण्याच्या चड्ड्या चांगल्या. पातळ मेरिनो मोजेही डेकॅथलॉनच्या पदभ्रमणाच्या विभागात मिळतात. परदेशात राहणाऱ्यांना अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातली डार्न टफ कंपनी माहीत असेल. तिचे मेरिनो मोजे फाटले तर कंपनी आयुष्यभर बदलून देते, आणि ह्यूस्टनसारख्या दमट शहरात तिचे पातळ मोजे बाराही महिने घालता येतात.

कुठल्याही कंपनीचा तीनाचा संच पहिल्यांदाच घेऊ नये. एक नग घ्यावा, पाच वेळा धुऊन वापरावा. सुती विणकाम धुण्यात लांबीला काही टक्के आटतं, ते या पाच धुण्यांत बहुतेक आटून घेतं; बाजूची शिवण फिरून पोटावर आली तर कापड विणताना किंवा कापताना पिळलेलं होतं. आणि शेवटच्या धुण्यानंतर रात्री टांगून सकाळी कमर, मधला जोड आणि टाच यांना हात लावून पाहावा. तिन्ही जागा कोरड्या असतील तर बाकीचे पाच आणावेत. वापरातला कपडा टाकायचा कधी, याचं चिन्हही याच जागांवर दिसतं: इलॅस्टिकमधून केसांसारखे पांढरे बारीक धागे बाहेर आले, किंवा ताणून सोडल्यावर कमर आपल्या मापावर परत आली नाही, की ती चड्डी पुसण्याच्या फडक्यांत जायची.